वाढत्या अंगाचं व्हायोलिन घेऊ नका: हाफ साइजवरून थ्री-फोर्थवर कधी जायचं

मुलांचे कपडे घेताना आपण काय करतो, जरा वाढत्या अंगाचे घेतो, बाह्या दुमडायच्या, पुढच्या वर्षी बरोब्बर बसतील. बूट घेताना पण पुढे कापूस कोंबून चालवून घेतो. हीच सवय व्हायोलिनला लावली की मात्र घोटाळा होतो, कारण व्हायोलिनला बाह्या दुमडता येत नाहीत. मोठं व्हायोलिन मुलाच्या हातात दिलं की व्हायोलिन तसंच राहतं आणि हात वाकडा होतो. हे मी ऐकीव सांगत नाहीये. मी स्वतः दहाव्या वर्षी फुल साइजवर शिकायला लागले कारण घरात तेच होतं, आणि डाव्या हाताचा तळवा व्हायोलिनच्या मानेला खालून टेकवून, ताट धरल्यासारखं ते धरायची सवय लागली. ती मोडायला नंतर किती वर्षं गेली विचारू नका, अजूनही दमले की हात हळूच तिथे जातो.

आता मी मुलांना शिकवते आणि पालकांचा सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न म्हणजे "मॅडम, आता मोठं घेऊया का?" त्यातही हाफ वरून थ्री-फोर्थ हा टप्पा सगळ्यात गोंधळाचा असतो, कारण साधारण आठ ते अकरा वर्षांच्या मधे कधीतरी तो येतो आणि त्या वयात एकाच वर्गातली दोन मुलं उंचीने वीतभर वेगळी असू शकतात. म्हणून वय बघून साइज ठरवायचा नाद सोडा. हाच एक टप्पा धरून सगळं सांगते, बाकीच्या साइजना पण पद्धत तीच आहे.

आधी त्या आकड्यांचा गोंधळ

१/२ म्हणजे फुलच्या निम्मं नाही. फुल साइजची बॉडी (म्हणजे मागची लाकडी पाठ, मान न धरता) साधारण साडेपस्तीस सेंटीमीटर असते, थ्री-फोर्थची साडेतेहेतीसच्या आसपास आणि हाफची एकतीसच्या आसपास. म्हणजे हाफ हे फुलपेक्षा फक्त साडेचार सेंटीमीटरने लहान. हे अपूर्णांक नुसती नावं आहेत असं समजा. बनवणाऱ्यांमधे पण थोडा फरक असतो, एकाचं थ्री-फोर्थ दुसऱ्यापेक्षा काही मिलीमीटर मोठं निघतं, म्हणून सेकंडहँड घेताना आतल्या लेबलवर जाऊ नका, टेप लावून पाठ मोजा. वरच्या बाजूला मानेखाली जी छोटी अर्धगोल जीभ येते ती मापात धरायची नाही.

पण बोटांना बॉडीची लांबी कळत नाही, बोटांना कळते ती तारेची लांबी. वरच्या नटपासून, म्हणजे मानेच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात त्या छोट्या पट्टीपासून, ब्रिजपर्यंत, म्हणजे बॉडीवर तारा उचलून धरणाऱ्या लाकडी घोडीपर्यंत, जेवढी तार वाजते तेवढी. हाफला ती साधारण २८५ मिलीमीटर, थ्री-फोर्थला ३०८ च्या आसपास, फुलला ३२५ ते ३२८. हे तीन आकडे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

पहिलं माप: हात, पण फक्त अंदाजापुरतं

मुलाला ताठ उभं करा, डावा हात बाजूला खांद्याच्या उंचीला सरळ पसरायला सांगा, तळवा वर. मानेच्या कडेपासून तळहाताच्या मध्यापर्यंत टेप लावा. कपड्याची जाड कॉलर असेल तर ती बाजूला करा, आणि मूल टेप बघून हात आणखी ताणतं (सगळीच ताणतात, मोठं व्हायोलिन हवं असतं ना), तेव्हा खांदा वर उचललाय का बघा. साधारण ५१ सेंटीमीटर असेल तर हाफ, ५६ असेल तर थ्री-फोर्थ, ५८ च्या पुढे फुल. खालच्या साइजना ४७ च्या आसपास १/४ आणि ४३ ला १/८.

लोक इथेच थांबतात आणि इथेच चूक होते. ५१ आणि ५६ च्या मधे पाच सेंटीमीटर आहेत, तेवढं वाढायला मुलाला वर्षभर सहज लागतं, आणि या मधल्या काळात टेप तुम्हाला काहीच सांगत नाही. शिवाय हात लांब पण पंजा छोटा अशी मुलं असतात, उलटही असतात. टेपचं काम एवढंच की आता चाचण्या करायची वेळ आली का ते सांगणं. ५४ च्या पुढे गेलं की मी चाचण्या सुरू करते. आणि ५६ आला आणि हात तयार नसेल, तर हाताचं ऐकायचं.

दुसरी चाचणी: स्क्रोल

यासाठी थ्री-फोर्थ हातात लागेल, टीचरचं, मैत्रिणीचं, दुकानातलं, कुठलंही. महत्त्वाचं म्हणजे शोल्डर रेस्ट त्या साइजचा लावा. हाफचा रेस्ट थ्री-फोर्थवर अडकवला की तो निसटतो किंवा वाकडा बसतो आणि मग व्हायोलिन खाली घसरतं, मूल हाताने सावरायला जातं आणि आपण म्हणतो मोठं आहे. रेस्टच नीट नसेल तर ही चाचणी करूच नका.

व्हायोलिन खांद्यावर, हनुवटी चिनरेस्टवर, मान सरळ. आता डावा हात व्हायोलिनच्या खालून पुढे न्यायचा आणि स्क्रोलला, म्हणजे टोकाच्या गोगलगायीला, बाहेरून मुठीत धरायचं. बोटं आरामात तिच्याभोवती वळली आणि तरी कोपर किंचित वाकलेलं राहिलं तर ठीक. कोपर काठीसारखं सरळ झालं, किंवा स्क्रोलला फक्त बोटांची टोकं लागतायत, किंवा धरायला मुलाने डोकं पुढे काढलं, तर अजून मोठं आहे. बाजूला उभं राहून कोपराकडेच बघा. मुलाला "जमतंय का" विचारू नका, उत्तर नेहमी हो येतं.

तिसरी चाचणी, आणि खरी हीच: करंगळी

व्हायोलिनमधे सगळ्यात छोट्या आणि सगळ्यात अशक्त बोटाला सगळ्यात अवघड जागी पोचायचं असतं, ती जागा म्हणजे जी स्ट्रिंगवर चौथं बोट. जी ही सगळ्यात जाड आणि हातापासून सगळ्यात लांबची तार. तिथे चौथं बोट, म्हणजे करंगळी, दाबली की शेजारच्या मोकळ्या डी तारेचाच सूर यायला हवा. त्यामुळे चाचणीचा निकाल कानालाच लागतो, मोजायची गरज नाही.

करायचं असं की पहिलं बोट, म्हणजे तर्जनी, जी वर त्याच्या जागी ठेवायचं, ए चा सूर येतो तिथे, आणि ते तिथून हलवायचं नाही. मग करंगळी दाबून वाजवायचं, लगेच मोकळी डी वाजवायची. दोन्ही सूर जुळले पाहिजेत आणि त्याच वेळी तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत: करंगळी गोल वाकलेली, पहिलं बोट जागेवरच, आणि मनगट सरळ. करंगळी काडीसारखी सरळ होऊन सांध्यातून आत दबली, किंवा पहिलं बोट तिच्यामागे सरकलं, किंवा मनगट बाहेर बाकदार झालं, तर ही साइज या हाताची नाही. सूर जुळला तरी नाही. मुलं काही ना काही करून सूर जुळवतात, त्याची किंमत मनगट देतं.

हे एवढं का ताणलं जातं ते आकड्यात बघा. मोकळ्या तारेपासून चौथ्या बोटाचा सूर तारेच्या बरोब्बर एक तृतीयांशावर येतो, म्हणजे हाफवर नटपासून ९५ मिलीमीटरवर आणि थ्री-फोर्थवर जवळपास १०३ वर. पहिलं बोट हाफवर ३१ वर आणि थ्री-फोर्थवर साडेतेहेतीसवर. वजाबाकी केली की पहिल्या बोटापासून करंगळीपर्यंतचा पसारा हाफवर ६४ आणि थ्री-फोर्थवर ६९ मिलीमीटर. फक्त ५ मिलीमीटर जास्त. पण लहान पंजा पूर्ण उघडलेला असताना ते पाच मिलीमीटर काढायचे कुठून?

याच्यावरून एक घरगुती युक्ती निघते, ज्याला थ्री-फोर्थ हातात असायची पण गरज नाही. आपल्या हाफवर जी स्ट्रिंगखाली चौथ्या बोटाची खरी जागा शोधा, डी जुळेल तिथे. तिथून ब्रिजच्या दिशेने ५ मिलीमीटर पुढे फिंगरबोर्डवर बारीक टेप चिकटवा. पहिलं बोट जागेवर ठेवून करंगळी त्या टेपवर गोल वाकलेली पोचते का? पोचत असेल तर पंजा थ्री-फोर्थला तयार आहे. सूर बेसूर येईल, येऊ दे, आपण फक्त पसारा बघतोय. अर्थात व्हायोलिनची लांबी यात तपासली जात नाही, थ्री-फोर्थचं टोक तीन-चार सेंटीमीटर पुढे जातं, म्हणून विकत घ्यायच्या आधी स्क्रोलची चाचणी लागतेच.

"बोटं गर्दी करतायत" म्हणून मोठं घ्यावं का?

हे कारण पालक आणि टीचर दोघंही सांगतात, मी पण सांगायचे. अर्ध्या सुराच्या जागी दोन बोटं चिकटून बसत नाहीत, एकमेकांवर चढतात, म्हणून व्हायोलिन लहान झालं. एकदा बसून हिशोब केला तेव्हा कळलं की हे तितकंसं खरं नाही. हाफवर दुसऱ्या आणि तिसऱ्या बोटातलं अर्ध्या सुराचं अंतर पावणेतेरा मिलीमीटरच्या आसपास आहे, थ्री-फोर्थवर पावणेचौदा. म्हणजे एका मिलीमीटरचा फायदा! ज्या मुलाची बोटं हाफवर चढतात त्याची थ्री-फोर्थवरही जवळपास तशीच चढणार, फुलवर मोठी माणसं वरच्या पोझिशनला एक बोट उचलून दुसऱ्याला जागा करून देतातच ना. बोटं आडवी पडतायत का ते आधी बघा, टोकावर उभी केली की बऱ्याचदा गर्दी आपोआप कमी होते.

व्हायोलिन खरंच लहान झाल्याची माझ्या मते भरवशाची खूण डाव्या कोपरात असते. कोपर खूप जास्त दुमडलेलं दिसतं, हात अंगाजवळ खुराड्यात कोंबल्यासारखा, आणि पहिलं बोट तारेवर टेकवायला मुलाला हात मागे ओढून घ्यावा लागतो. दुसरी खूण बो मधे: उजवा हात अर्धाच उघडलाय आणि बो संपला. या दोन दिसल्या आणि करंगळीची चाचणी पास, तर उशीर करू नका.

आणि आवाज? लहान व्हायोलिनचा आवाज बारीक असतो, जी स्ट्रिंग तर डब्यातून बोलल्यासारखी येते, हे खरंय. मोठ्यावर आवाज भरतो हेही खरं. पण आवाजासाठी साइज वाढवणं म्हणजे चष्मा ठळक दिसतो म्हणून दुसऱ्याचा नंबर लावणं.

एक उदाहरण, तारखेसकट नाही पण मापासकट

माझी भाची, नऊ वर्षांची, हाफ वाजवत होती. वर्गातली मैत्रीण थ्री-फोर्थवर गेली आणि हिची भुणभुण सुरू झाली. माप घेतलं तर ५३. टेपची युक्ती केली: करंगळी पोचली, पण पहिलं बोट सरकून तिच्याकडे गेलं. माझं थ्री-फोर्थ खांद्यावर दिलं तर स्क्रोलला फक्त बोटांची टोकं लागली आणि कोपर पूर्ण सरळ. म्हटलं नाही. रडारड झाली, ताई माझी चार दिवस माझ्याशी नीट बोलली नाही.

चार महिन्यांनी माप ५४.८. आता पहिलं बोट जागेवर राहिलं पण करंगळी सरळ काठी, आणि अंगठा मानेखाली जाऊन आधार शोधत होता. अंगठ्याकडे कोणी बघत नाही म्हणून मुद्दाम सांगते, करंगळीला जे जमत नाही ते अंगठा गुपचूप करतो. पुन्हा नाही.

आणखी तीन महिन्यांनी ५६ ला किंचित कमी. यावेळी हाफवर कोपर स्पष्ट कोंबलेलं दिसत होतं, बो टोकाला जाऊन संपत होता, टेपवर करंगळी गोल, अंगठा निवांत. थ्री-फोर्थवर स्क्रोल मुठीत आणि कोपर जरासं वाकलेलं. तेव्हा घेतलं. सात महिने थांबलो, पण त्या सात महिन्यांत ती हाफवर तिसऱ्या पोझिशनला शिफ्ट करायला शिकली. पहिल्याच वेळी मोठं दिलं असतं तर ते नक्की लांबलं असतं, कारण धडपड सगळी व्हायोलिन पेलण्यात गेली असती.

दर तीन-चार महिन्यांनी मोजत जा एवढंच. एकदम उंची वाढते तेव्हा दोन महिन्यांनी मोजलं तरी चालेल. दोन चाचण्यांचे निकाल वेगवेगळे आले, स्क्रोल पास आणि करंगळी नापास वगैरे, तर लहानच ठेवायचं. लहान व्हायोलिनने काही महिने अवघडल्यासारखं वाटेल, मोठ्याने सवय बिघडते.

थोडं थांबा, ते नक्की साइजचंच दुखणं आहे का

हाफवर बोटं दुखतायत, करंगळी दाबली जात नाही, म्हणून कोणी उलटं म्हणतं की हेच मोठं होतंय. कधीकधी दोष साइजचा नसून सेटअपचा असतो. स्वस्तातल्या लहान व्हायोलिनना वरचा नट उंच ठेवलेला असतो. नटपाशी तार आणि फिंगरबोर्डच्या मधे एक व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढीच फट हवी. तीन-चार कार्डं जात असतील तर ते कारागिराकडे न्या, नट घासून खाली घेतला की तेच व्हायोलिन वेगळं वाटायला लागतं. तसंच ब्रिज जागेवर आहे का बघा, दोन्ही एफ-होलच्या आतल्या छोट्या खाचांच्या रेषेत. ब्रिज मागे-पुढे सरकला असेल तर तारेची लांबी बदलते आणि वरचं सगळं गणितच बिघडतं.

बदलायचं ठरलं, आता पहिले पंधरा दिवस

कार्यक्रम किंवा परीक्षा महिन्या-दीड महिन्यावर असेल तर थांबा, नंतर बदला. बो पण बरोबरच बदलायचा, थ्री-फोर्थचा बो हाफपेक्षा सहा-सात सेंटीमीटर लांब असतो. टोकापर्यंत वाजवताना बो ब्रिजला समांतर राहिला पाहिजे आणि उजवं कोपर शेवटी अडकल्यासारखं ताठ होता कामा नये. टोकाकडे बो वाकडा पळतोय तर काही आठवडे बोच्या काडीवर खूण करून तिथपर्यंतच वाजवा.

पहिल्या दिवशी सगळं खाली, उतरलेलं वाजेल. घाबरू नका, हात जुन्या अंतरावर बोटं टाकतोय. गंमत म्हणजे चूक सगळ्या बोटांची सारखी नसते: पहिलं बोट अडीच मिलीमीटर पुढे जायला हवं, तिसरं सहा आणि चौथं आठ. म्हणून मूल "सगळंच थोडं पुढे" सरकवून बघतं आणि मग पहिलं चढतं, चौथं उतरलेलंच. पहिलं बोट आधी पक्कं करा, मग तिसरं. तिसऱ्याला तपासायला सोपं: डी स्ट्रिंगवर तिसरं बोट म्हणजे जी, ते बरोबर लागलं की खालची मोकळी जी तार आपणहून थरथरते, डोळ्यांना दिसते. चौथं शेजारच्या मोकळ्या तारेशी जुळवायचं. रोज दहा मिनिटं हळू स्केल, नवीन गाणं या पंधरवड्यात नको. आणि जुनं हाफ केसमधे बंद करून वर टाका. आज हे उद्या ते असं केलं तर हाताला कुठलंच अंतर लक्षात राहत नाही. भाचीला मी एकदा हाफ "सहज" वाजवू दिलं आणि तीन दिवसांची मेहनत एका संध्याकाळी गेली.

दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करंगळीची चाचणी नवीन व्हायोलिनवर करा. तेव्हा ती पास होत नसेल, मनगट बाकदार होत असेल, तर आपण घाई केली. परत हाफवर जायला लाजू नका, म्हणूनच जुनं लगेच विकू नका, आणि भाड्याने किंवा बदलून मिळत असेल तर तेच बरं.

थ्री-फोर्थवरून फुलवर जाताना हाच सगळा खेळ, फक्त टेप ५ ऐवजी ४ मिलीमीटरवर लावायची. तिथे घाई तर अजिबात नको कारण पुढची साइजच नाही. आणि वाढ पूर्ण होऊनही हात छोटाच राहिला तर ७/८ नावाची साइज मिळते, बॉडी साधारण साडेचौतीस सेंटीमीटरच्या आसपास, ती लहान पंजाच्या मोठ्या माणसांसाठीच असते.